हवं ते वजन, आलं ते वजन

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या इंटर्नला पहिल्या आठवड्यात जे काम मिळतं ते बहुतेक वेळा एका ओळीचं असतं: केएचपीचं ०.१ मोलर द्रावण करून ठेव, अडीचशे मिली. केएचपी म्हणजे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट. पांढरी, कोरडी, गुणी पूड. तिचं मोलर वस्तुमान २०४.२२, म्हणून अडीचशे मिलीसाठी ५.१०५५ ग्रॅम लागणार. गणित बारावीचंच आहे. पुढचा अर्धा तास मात्र इंटर्न बॅलन्ससमोर बसून काढतो. आकडा ५.१०३८ दिसतो, म्हणून तो स्पॅच्युलाच्या टोकावर चार कण घेऊन टाकतो. मग ५.१०७१ दिसतो, म्हणून दोन कण काढतो आणि ते पुन्हा बाटलीत टाकतो, जे मुळीच करायचं नसतं. अखेर आकडा ५.१०५५ वर स्थिरावला की चेहऱ्यावर पेपर सोडवल्याचं समाधान येतं. या कामात काही वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे, की तो अर्धा तास वाया तर जातोच, वर एक चुकीची सवय लावून जातो. नेमक्या मोलॅरिटीचं द्रावण म्हणजे ठरलेला आकडा गाठलेलं द्रावण, ही समजूतच चूक आहे. द्रावणाची मोलॅरिटी किती हे आपल्याला नेमकं ठाऊक असतं, तेव्हा ते द्रावण नेमकं. ती ०.१००० भरली की ०.१००२५, याने पुढच्या कामाचं काही अडत नाही. आणि हे ठाऊक असणं फ्लास्कमध्ये पाहून कळत नाही, ते वहीत सापडतं.

तेच काम सरावलेला माणूस कसं करतो ते पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. केएचपी ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये थंड केलेलं असतं. वेइंग बॉटल पुडीसकट तोलली जाते: १८.४४२७ ग्रॅम. अंदाजाने पाच ग्रॅमच्या आसपास पूड बीकरमध्ये ओतली जाते आणि बाटली पुन्हा तोलली जाते: १३.३२४४. वजाबाकी ५.११८३. बस. हवे होते ५.१०५५, आले ५.११८३, जे आलं ते वहीत गेलं, दोन्ही मूळ आकड्यांसकट. आता ५.११८३ ला २०४.२२ ने भागून आणि अडीचशे मिलीचा हिशोब करून मोलॅरिटी येते ०.१००२५. बाटलीवर हाच आकडा लिहायचा. या पद्धतीत बॅलन्सजवळ पाच मिनिटंही लागत नाहीत. पूड हवेत कमी वेळ उघडी राहते, बॅलन्सच्या थाळीवर सांडत नाही, वापरलेले कण बाटलीत परत जात नाहीत. दोन्ही माणसांच्या बॅलन्सवरचा चौथा दशांश तितकाच खरा असतो. फरक इतकाच की एकाने आकड्याला वाकवायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्याने तो वाचून घेतला.

यावर इंटर्न विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे: चौथ्या दशांशाचं एवढंसं मोल असेल तर तो लिहायचा तरी कशाला? इथे जरा प्रमाणाचा हिशोब करावा लागतो. पाच ग्रॅमच्या वजनात एक दशांश मिलीग्रॅम म्हणजे ०.००२ टक्के. अडीचशे मिलीच्या ए क्लास फ्लास्कला मात्र ०.१२ ते ०.१५ मिलीची सूट दिलेली असते, म्हणजे सुमारे ०.०५ टक्के, वजनाच्या भाषेत अडीच-तीन मिलीग्रॅम. स्पॅच्युलाच्या टोकावर ज्या कणांशी अर्धा तास झुंज चालली होती ते सगळे कण या एका सुटीत बुडून जातात. खरी गंमत तापमानाची आहे. केएचपी गार पाण्यात सावकाश विरघळतं, म्हणून घाईतला माणूस कोमट पाणी घेतो आणि ते निवायच्या आधीच फ्लास्क मार्कपर्यंत भरून टाकतो. आपल्याकडच्या पुष्कळ फ्लास्कवर २७ अंश छापलेलं असतं, परदेशी फ्लास्कवर बहुधा २०. द्रावण ३५ अंशांवर असताना २७ च्या फ्लास्कमध्ये मार्क गाठला, तर गार झाल्यावर ते मार्कच्या सुमारे ०.६ मिली खाली उतरतं. म्हणजे पाव टक्का, म्हणजे केएचपीच्या तेरा मिलीग्रॅमइतकी चूक. मे महिन्यात, एसी नसलेल्या प्रयोगशाळेत, ही चूक कोमट पाण्याशिवायही होऊ शकते. आणि ती कुठल्याच काचेवर दिसत नाही. म्हणून वजनाचा चौथा दशांश लिहायचा तो फुकट मिळतो म्हणून. त्याच्या शेजारी द्रावणाचं तापमान आणि फ्लास्कवर छापलेलं तापमान लिहायचं, कारण मोठी चूक बहुधा तिथून आलेली असते. एका बाजूला अर्धा तास आणि दुसऱ्या बाजूला वहीत तापमानाचा रकानाच नाही, असा कारभार मी पुष्कळ ठिकाणी चाललेला पाहिला आहे.

केएचपी गुणी आहे म्हणून त्याच्या बाबतीत आकडा गाठायचा हट्ट निदान शक्य तरी असतो. सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाबतीत तो सरळ हास्यास्पद ठरतो. त्याच्या पांढऱ्या गोळ्या बाटलीतून काढल्या की तोलता तोलताच हवेतलं पाणी ओढतात, वरून कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यांच्या पृष्ठभागाचं कार्बोनेट होतं. बॅलन्सचा शेवटचा आकडा डोळ्यांदेखत चढत राहतो. लिटरला ४.०००० ग्रॅम तोलून ०.१००० मोलर झालं असं म्हणणारा माणूस, ओला टॉवेल तोलून कापडाचं वजन सांगतो आहे. इथे करायचं ते इतकंच: साध्या बॅलन्सवर चार ग्रॅमच्या थोड्या वर गोळ्या घ्यायच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायच्या, लिटर करायचं, प्लास्टिकच्या बाटलीत ठेवायचं आणि मग केएचपीला विचारायचं. पंचवीस मिली केएचपी पिपेटने घेतलं, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले आणि अर्धा मिनिट टिकणारी फिकट गुलाबी छटा येईपर्यंत ब्यूरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडलं. तीन वाचनं आली २५.६०, २५.५५, २५.६०, सरासरी २५.५८. पंचवीस गुणिले ०.१००२५ भागिले २५.५८, उत्तर ०.०९८०. हे ०.१ नाही, आणि नसू दे. औषधांच्या तपासणीसाठी जो प्रमाणग्रंथ वापरतात त्या युरोपीय फार्माकोपियाचा नियम या बाबतीत बोलका आहे: अशा द्रावणाची तीव्रता सांगितलेल्या तीव्रतेपासून दहा टक्क्यांपर्यंत ढळली तरी चालते, मात्र ती किती आहे हे ठरवताना वाचनांची सुसंगती ०.२ टक्क्यांच्या आत हवी. गाठण्यासाठी दहा टक्के मोकळीक, जाणण्यासाठी ०.२. माझा सगळा मुद्दा या दोन आकड्यांत आहे. आणि वरच्या उदाहरणात एखाद्याने केएचपीच्या बाटलीवर सवयीने ‘०.१०००’ लिहिलं असतं, तर सोडियम हायड्रॉक्साइड ०.०९७७ निघालं असतं. ही पाव टक्क्याची चूक त्या बाटलीतून पुढे होणाऱ्या प्रत्येक टायट्रेशनमध्ये उतरली असती, आणि टायट्रेशन कितीही काळजीने केलं तरी ती निघाली नसती.

वजनाची चूक टक्क्याच्या अंशात असते. विरलन करताना होणारी चूक टक्क्यांत मोजावी लागते. आणि तिचं मूळ हातात फारच क्वचित असतं, बहुधा ते लिहिण्यात असतं. वहीत कोणीतरी लिहितं: ‘१:१० डायल्यूट केलं, तीन वेळा.’ याचे दोन अर्थ होतात. एक माणूस दहा मिली द्रावण शंभर मिलीच्या फ्लास्कमध्ये घेऊन मार्कपर्यंत पाणी घालतो. तीव्रता दहा पटींनी उतरते. दुसरा दहा मिली द्रावणात शंभर मिली पाणी घालतो. तीव्रता अकरा पटींनी उतरते. दोघेही प्रामाणिक आहेत आणि दोघांनाही आपण ‘एकास दहा’ केलं असंच वाटतं. ०.१ मोलरपासून सुरुवात केली तर पहिल्याकडे तीन पायऱ्यांनंतर ०.०००१ मोलर असतं. दुसऱ्याकडे पहिल्या पायरीला ०.००९०९, दुसरीला ०.०००८२६, तिसरीला ०.००००७५१. पहिल्या पायरीवर नऊ टक्क्यांची तूट होती, तिसरीवर ती पंचवीस टक्के झाली. दोन्ही बाटल्यांवरचं लेबल मात्र एकच. म्हणून विरलनाची नोंद गुणोत्तरात करूच नये असं मी म्हणतो. ‘ए बाटलीतलं १०.०० मिली, पिपेटने, १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये, मार्कपर्यंत’ असं लिहावं. या वाक्यात अर्थाला पळवाट नाही. कुठून घेतलं, कशाने घेतलं, कशात घातलं, कुठपर्यंत भरलं, इतकं असलं की मोलॅरिटी कुणीही, कधीही, पुन्हा काढू शकतं. नुसतं ‘०.०१ मोलर केलं’ असं लिहिलं असेल तर ते निष्कर्ष म्हणून मान्य करण्याशिवाय वाचणाऱ्याकडे उपाय नसतो.

पण चूक झालीच तर पुढे आलेखात दिसेल की, असा एक आक्षेप इथे येतो. तो ऐकायला बरा वाटतो, तपासला की टिकत नाही. मोरचुदाचं उदाहरण घेऊ. तांब्याचं प्रमाण रंगावरून काढायचं आहे. ०.१ मोलर मोरचुदाच्या द्रावणापासून ०.०१ मोलरचं मधलं द्रावण केलं, त्यातलं १०, २०, ३० आणि ४० मिली वेगवेगळ्या शंभर मिलीच्या फ्लास्कमध्ये घेतलं, अमोनिया घालून निळा रंग गडद केला, मार्कपर्यंत भरलं आणि कलरिमीटरवर वाचनं घेतली. मधलं द्रावण ०.०१ ऐवजी ०.००९०९ असेल तर काय होईल? चारही ठिपके सारख्याच प्रमाणात खाली सरकतील. रेषा सरळच राहील आणि शून्यातूनच जाईल. संगणक तिला शाबासकीचा आकडाही देईल. फक्त तिचा उतार चुकलेला असेल, आणि अनोळखी नमुन्यातलं तांबं दहा टक्क्यांनी जास्त निघेल. सरळ रेषा एवढंच सांगते की ती चार द्रावणं एकमेकांशी सुसंगत आहेत. त्या चौघांची आई कोण हे ती सांगत नाही. ही चूक पकडायचे मला माहीत असलेले खात्रीचे मार्ग दोनच. एक, वेगळ्या वजनापासून, शक्य तर वेगळ्या माणसाने, स्वतंत्रपणे केलेलं एक तपासणीचं द्रावण त्याच रेषेवर वाचून बघणं. दुसरा, मागच्या महिन्याच्या रेषेचा उतार वहीत काढून आजच्याशी ताडून पाहणं. चूक आहे हे या दोहोंपैकी कशानेही कळेल. कुठे आहे हे मात्र पायऱ्या लिहिल्या असतील तरच कळेल. मोरचुदाच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. त्याच्या निळ्या खड्यांत पाण्याचे पाच रेणू असतात आणि मोलर वस्तुमान २४९.६९ असतं, निर्जल पांढऱ्या पुडीचं १५९.६१. वहीत नुसतं ‘कॉपर सल्फेट ६.२४ ग्रॅम’ असेल तर ते अडीचशे मिलीत ०.१००, की ०.१५६? बाटलीवरचं पूर्ण नाव उतरवून घ्यायला दहा सेकंद लागतात. ते नसेल तर नंतर दिवसभर डोकं खाजवूनही उत्तर मिळत नाही. शिवाय निळे खडे कोरड्या हवेत आपलं पाणी थोडं थोडं सोडतात, त्यामुळे त्यांच्या नुसत्या वजनावरून चार अंकी मोलॅरिटी सांगणं हे धाडसच. तिथेही सोडियम हायड्रॉक्साइडसारखी दुसऱ्याची साक्ष लागते.

आता अशा एका चुकीबद्दल, जी लपवायची पद्धत जवळपास सर्वत्र सारखीच आहे. फ्लास्कमध्ये पाणी मार्कच्या वर जातं. शेवटचे दोन-चार मिली ड्रॉपरने घालायचे असतात, वॉशबॉटल दाबली जाते आणि मेनिस्कस उडी मारून वर बसतो. अडीचशेच्या जागी समजा २५२ मिली झालं. लगेच पिपेट आत जाते, दोन मिली बाहेर येतं आणि मेनिस्कस अगदी मार्कवर टेकतो. फ्लास्क आता बघायला निर्दोष आहे. पण काढलं ते पाणी नव्हतं, द्रावण होतं. त्याच्याबरोबर त्यातला पदार्थही गेला. तीव्रता २५२ मिलीला जी होती तीच राहिली, म्हणजे ०.८ टक्क्याने कमी. या दुरुस्तीने सुधारलं काहीच नाही, फक्त चुकीचा पुरावा नाहीसा झाला. फ्लास्क हलवून झाल्यावर मेनिस्कस मार्कच्या किंचित खाली गेलेला दिसतो तेव्हा नेमकं उलटं होतं: थोडं द्रावण बुचाला आणि मानेला लागलेलं असतं, तीव्रता बरोबर असते, आणि इंटर्न काळजीपोटी चार थेंब पाणी घालून ती बिघडवतो. दोन्ही वेळी हात मार्ककडे ओढला जातो, कारण दिसतो तो मार्कच. अशा वेळी वहीत ‘मार्क ओलांडला, टाकून दिलं, पुन्हा केलं’ हे सहा शब्द लिहायला जड जातात. पण पाच ग्रॅम केएचपी फुकट जाण्याचं नुकसान ते द्रावण महिनाभर वापरण्यापुढे काहीच नाही.

हे शब्द जड का जातात याचं उत्तर मला आपल्या कॉलेजच्या जर्नलमध्ये सापडतं. बारावीपासून एम.एस्सी.पर्यंत आपण वाचनं कच्च्या कागदावर घेतो आणि घरी जाऊन जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवतो. उतरवताना १०.३ चं १०.२ होतं, तीन वाचनं एकसारखी होतात, कुठे खाडाखोड नसते आणि सही मिळते. तिथे नोंद ही प्रयोग झाल्यावर करायची गोष्ट असते आणि तिचं काम मार्क मिळवणं असतं. अंबरनाथ, तारापूर किंवा महाडच्या एखाद्या औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये तोच मुलगा येतो, तेव्हा त्याला सांगतात की कच्ची वही नाही, चिठोऱ्या नाहीत, पांढरी शाई नाही. चुकलं तर एकच रेघ मारून खालचा आकडा वाचता येईल असा ठेवायचा, शेजारी कारण, तारीख आणि आद्याक्षरं. त्याला हा कागदी जाच वाटतो. ‘लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही’ हे या कारखान्यांतलं आवडतं वाक्यही त्याच्या कानांवर आदळत राहतं. मला ते वाक्य अर्धवट वाटतं. न लिहिलेल्यापेक्षा, केलं एक आणि लिहिलं दुसरं, हे कितीतरी वाईट. रिकामा रकाना माणसाला निदान सावध करतो, पण भरलेला खोटा रकाना त्याला निश्चिंत करतो.

उरलेला आक्षेप यंत्रांचा. बॅलन्सला प्रिंटर जोडलेला असतो, नोंदी संगणकात होतात, एका लिटरसाठी नेमकं मोजलेला पदार्थ भरलेल्या अँप्युल विकत मिळतात. मग एवढा खटाटोप कशाला? यंत्राने वजनातला लबाडीचा भाग बराच कमी केला, हे मान्यच आहे. पण प्रिंटर छापतो तो थाळीवर किती होतं एवढंच. काय होतं, त्यातलं किती फनेलला चिकटून राहिलं, पाणी कोमट होतं का, हे त्याला दिसत नाही. अँप्युल फोडून तिची आतली बाजू तीनदा धुतली की नाही हे अँप्युलच्या प्रमाणपत्रावर नसतं. या आक्षेपाचा एक भाग मात्र मला पटतो: सगळ्याच द्रावणांना हा थाट नको. काच धुवायचं आम्ल, पीएच जरा वाढवण्यापुरता अमोनिया, रंगासाठी घातलेला अभिकर्मक, ही मेजरिंग सिलिंडरने करावीत आणि बाटलीवर ‘सुमारे’ लिहावं. ‘सुमारे २ मोलर’ ही पूर्णपणे खरी नोंद आहे. सिलिंडरने केलेल्या द्रावणावर ‘२.००० मोलर’ लिहिणं ही थाप आहे, आणि पिपेट-फ्लास्कने केलेल्यावर नुसतं ‘०.१’ लिहिणं म्हणजे हातात आलेली माहिती फेकून देणं. किती अंक लिहायचे हे काम कशाने केलं त्यावरून ठरतं.

सोडियम हायड्रॉक्साइडच्या त्या बाटलीकडे परत येऊ, कारण तिची गोष्ट ०.०९८० वर संपलेली नसते. बाटली रोज उघडते, हवा आत जाते, कार्बन डायऑक्साइड थोडं थोडं सोडियम हायड्रॉक्साइड खात राहतं. महिन्याने पुन्हा केएचपीविरुद्ध तपासलं तर ०.०९७४ आलं तरी आश्चर्य नको. इंटर्नची पहिली प्रतिक्रिया असते की आपलंच काही चुकलं, आणि पाचव्या-सहाव्या टायट्रेशनपर्यंत तो ०.०९८० कुठे दिसतं का ते शोधत बसतो. लेबलवर मात्र पहिली ओळ खोडायची नसते. ‘०.०९८० मोलर’ ही ओळ, तिच्यापुढे तारीख, आद्याक्षरं आणि केएचपीच्या वजनाचं वहीतलं पान. तिच्या खाली ‘०.०९७४ मोलर’, नवी तारीख, नवं पान. मधल्या दिवसांत या बाटलीतून जे नमुने तपासले गेले त्यांचं काय करायचं, हे त्या दोन ओळी शेजारी ठेवूनच ठरवावं लागतं.